चार्ज रिपोर्टात न मावणारं

बदलीचा आदेश आला की चार्ज रिपोर्ट भरायचा. मोजमाप पुस्तिकांचे क्रमांक, साठ्यातले पाइप, कपाटाच्या किल्ल्या, दोघांच्या सह्या. अर्ध्या तासाचं काम. खरा वेळ जातो तो सोबतच्या साध्या कागदाला, जो कुणी मागत नाही.

अकोला जिल्ह्यातून अमरावतीला जाताना मी असा कागद लिहिला, तो खारपाणपट्ट्यातल्या एका पाणीपुरवठा योजनेचा होता. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या पट्ट्यात जमिनीतलं पाणी खारट, त्यामुळे कुठे वानचं, कुठे महानच्या काटेपूर्णा धरणाचं पाणी लांबून न्यावं लागतं. पाइपलाइन लांब म्हटली की वाटेत रूळ आले, महामार्ग आला, आणि सगळ्यात जास्त आली ती शेतं.

पहिली नोंद रेल्वे क्रॉसिंगची. ‘परवानगी प्रलंबित’ एवढंच लिहिलं असतं, तर नव्या साहेबानं रेल्वेला स्मरणपत्रं पाठवण्यात दोन महिने घालवले असते. प्रत्यक्षात फाइल रेल्वेकडे अडलेलीच नव्हती. मंजूर नकाशात क्रॉसिंग जिथे दाखवलं होतं, तिथे विजेच्या खांबांची रांग आडवी आली आणि आखणी १२ मीटर सरकली. रुळाखालून केसिंग पाइप ढकलायचा तो मंजूर नकाशातल्या ठिकाणीच. तसूभर हललं तरी नकाशा सुधारून पुन्हा द्यावा लागतो. रेल्वेनं तो मागितलाही होता, आणि ते पत्र आमच्याच कार्यालयात आरेखकाच्या टेबलावर पडलं होतं. म्हणून मी लिहिलं: चेंडू आपल्याकडे आहे, सुधारित नकाशा आणि केसिंगचा तपशील द्यायचा, जुना मंजूर नकाशा फाइलीत वरच लावलेला आहे, त्यावरून खड्डा खोदू देऊ नका. शेवटचं वाक्य ठळक केलं, कारण कंत्राटदाराचं मशीन उभं असलं की त्याला हाती येईल तो नकाशा चालतो.

दुसरी नोंद दाब चाचणीची होती आणि तिनं जवळजवळ एक पान खाल्लं. ३०० मिलिमीटरच्या डीआय पाइपचा एक टप्पा चाचणीत टिकत नव्हता. त्या लाइनचा नेहमीचा दाब ६ किलो, म्हणून चाचणी दीडपट, ९ किलोवर. काटा तासाभरात ८.४ वर यायचा. कंत्राटदाराचं म्हणणं, ‘हवा अडकली आहे साहेब.’ ते अगदीच खोटं नसतं. लाइन घाईनं भरली तर चढावर हवा कोंडते, शिवाय आतला सिमेंटचा थर सुरुवातीला पाणी पितो. म्हणूनच लाइन भरून एक दिवस तशीच ठेवायची असते. पण हवा की गळती, हे काट्यावरूनच कळतं. पंपानं पुन्हा ९ वर न्यायचं आणि बघत बसायचं. हवा असेल तर दर खेपेला घट कमी होत जाते. इथे घट दर खेपेला तेवढीच राहिली. मग खुले ठेवलेले सांधे हातानं चाचपले, तेव्हा एअर व्हॉल्व्हच्या फ्लँजखालची माती ओली लागली. रबर बदलायचं होतं, ते माझ्या काळात झालं नाही. सांधे उघडे आहेत, पुन्हा चाचणी झाल्याशिवाय माती लोटू नका आणि त्या टप्प्याचं बिल मोजू नका, असं लिहून ठेवलं. काळ्या जमिनीत पहिला पाऊस पडला की खंदक चिखलानं बुजतो आणि मग गळती शोधायला अख्खा टप्पा उकरावा लागतो.

बँक हमीची नोंद एका ओळीची: मुदत संपण्याची तारीख, आणि त्याच्या महिनाभर आधी नूतनीकरणाचं पत्र. बऱ्याच कार्यालयांत ही तारीख एकट्या लेखापालाच्या डोक्यात असते.

संपर्कांच्या यादीत वरिष्ठांचे नंबर लिहिलेच नाहीत, ते कुणालाही मिळतात. लिहिले ते जुनी सिमेंटची लाइन कुठून गेली हे ज्याला आठवतं त्या निवृत्त व्हॉल्व्हमनचे, वीज उपकेंद्रातल्या ऑपरेटरचे, आणि रोज सकाळी नऊच्या आत फोन उचलणाऱ्या कंत्राटदाराच्या सुपरवायझरचे. कुणाला कशासाठी फोन करायचा, हे नावापुढे लिहिलं. नुसत्या नंबरांची यादी म्हणजे लग्नातली आहेराची वही; कोण कुणाचा, ते घरातल्यालाच कळतं.

शेवटी तोंडी शब्द. एका शेतकऱ्यानं तूर निघाल्यावर खोदू दिलं होतं, पण अट घातली होती: वरची काळी माती बाजूला ठेवायची आणि शेवटी तीच वर टाकायची. खालचा चुनखडीचा थर वर आला की त्या पट्ट्यात पीक धड येत नाही. मी निघतोय हे कळल्यावर तो म्हणाला, “साहेब, तुमी चालले, मंग आता कोनाले धरावं?” हा शब्द करारात नव्हता, मोजमाप पुस्तिकेत तर नव्हताच. गट क्रमांक टाकून लिहिला: माती बांधाच्या पूर्वेला रचलेली आहे, मृगाच्या आधी पसरून द्यायची, आणि तो समोर असतानाच.