पडद्यावर ठसठशीत, भिंतीवर धूसर

गावच्या वाचनालयाची व्याख्यानमाला जाहीर होते. कार्यकर्त्यांपैकी कुणीतरी लॅपटॉपवर सुबक डिझाइन करतो, ते सोशल मीडियावर फिरतं, सगळ्यांना आवडतं. मग ठरतं की याचाच मोठा पोस्टर छापून दारात लावू. छापून आल्यावर मात्र वक्त्याचं नाव कडांना पायऱ्या पडल्यासारखं दिसतं आणि चेहऱ्यावर धुकं पसरलेलं असतं. दोष मशीनला दिला जातो, पण बहुतेक वेळा मशीनने फाइलमध्ये जे होतं तेच छापलेलं असतं.

यामागचा हिशेब सोपा आहे. सोशल मीडियासाठी केलेलं डिझाइन बहुधा 1080 बाय 1350 पिक्सेलचं असतं. ते 24 बाय 30 इंचांच्या कागदावर ताणलं, की प्रत्येक इंचाच्या वाट्याला 45 पिक्सेल येतात. म्हणजे एकेक पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरहून थोडा मोठा चौकोन होतो. निरोगी डोळ्याला असे चौकोन साधारण सहा फुटांपर्यंत वेगळे ओळखू येतात, आणि दारातला पोस्टर लोक तीन फुटांवरून वाचतात. सॉफ्टवेअर या चौकोनांमधल्या जागा अंदाजाने भरतं, त्यामुळे पायऱ्या मोडतात पण कडा पसरट होतात. धूसरपणा येतो तो इथून.

अशा वेळी अनेकजण फाइलच्या सेटिंगमध्ये 72 चा आकडा बदलून 300 करतात. पिक्सेल तेवढेच राहिले, तर त्याने फक्त कागदावरचं माप बदलतं. तेच डिझाइन इंचाला 300 पिक्सेलने छापलं तर जेमतेम 3.6 बाय 4.5 इंचांचं होईल.

खरा उपाय अक्षरं आणि रेषांपासून सुरू होतो. कोरलड्रॉ, इलस्ट्रेटर किंवा मोफत मिळणारं इंकस्केप यांत आकार पिक्सेलमध्ये साठवला जात नाही. काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या वक्ररेषांचं गणित, एवढंच फाइलमध्ये असतं. 1960 च्या दशकात फ्रान्सच्या रेनो कंपनीत पिएर बेझिए यांनी मोटारीच्या बाह्याकारासाठी वापरात आणलेल्या वक्ररेषा त्या याच. आकार दुप्पट करा की वीसपट, गणित नव्याने मांडलं जातं आणि कड छपाईच्या क्षणी ताजी आखली जाते. म्हणूनच प्रिंटिंगवाले ‘ओपन फाइल आहे का?’ असं विचारतात आणि ‘फाइल कर्व्ह करून पाठवा’ असं सांगतात. कर्व्ह केल्यावर अक्षर फॉन्टवर अवलंबून राहत नाही. मराठीत हे फार गरजेचं, कारण समोरच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर जोडाक्षरं फुटतात. कर्व्ह केलेल्या मजकुरात पुढे शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही, म्हणून मूळ प्रत वेगळी जपून ठेवावी.

फोटो मात्र पिक्सेलचाच असतो. तिथे पुरेसे पिक्सेल मुळातच हवेत. मोबाइलवर काढलेला 3000 बाय 4000 पिक्सेलचा फोटो पोस्टरवर 12 इंच रुंद लावला, तर इंचाला 250 पिक्सेल मिळतात. तीन फुटांवरून पाहायला शंभरच्या आसपास पुरतात, त्यामुळे हे भरपूर झाले. तोच फोटो व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला की आक्रसतो. लांब बाजू 1600 पिक्सेलची उरली, तर इंचाला 100 च मिळतात. शिवाय दाबून लहान केल्यामुळे केसांच्या आणि चष्म्याच्या कडेला डाग उमटतात, ते मोठ्या छपाईत उठून दिसतात. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की मूळ फाइलच पोचते.

तिसरी अडचण लपलेली असते, ती सावली आणि चमक अशा इफेक्टमध्ये. अक्षरं वक्ररेषांची असली तरी त्यांच्यामागची मऊ सावली पिक्सेलमध्येच तयार होते. इलस्ट्रेटरमध्ये वेबसाठी उघडलेल्या फाइलला त्यासाठी 72 चं रिझोल्यूशन असतं. इंकस्केप पीडीएफ काढताना 96 सुचवतं. पोस्टरच्या मापाला आल्यावर ते 150 ते 300 करून घ्यावं, नाहीतर नितळ अक्षरामागे खडबडीत छाया छापून येते.

पाठवण्याआधी पीडीएफ 800 टक्के मोठी करून नावाची वळणं पाहावीत. कड तेव्हाही धारदार दिसली तर अक्षरं ठीक आहेत, पायऱ्या दिसल्या तर मजकुराचं चित्र झालेलं आहे. फोटोसाठी याहून खात्रीची परीक्षा म्हणजे पोस्टरचा एक तुकडा खऱ्या मापात ए-फोर कागदावर छापणं. वक्त्याचे डोळे आणि सर्वांत बारीक ओळ त्यात येऊ द्यावी, कागद भिंतीला लावावा आणि तीन फुटांवर उभं राहून पाहावं. तिथे खटकलं तर मूळ फोटो मागवा आणि मजकूर नव्याने टाइप करा. हरवलेले पिक्सेल प्रिंटिंगवाल्याला परत आणता येत नाहीत.