शमाल, सुकाणू आणि न हटणारे तीन अंश

दुबईच्या जेबेल अली बंदरातून माल भरून निघालेलं जहाज होर्मुझच्या सामुद्रधुनीकडे वळतं तेव्हा त्याचं तोंड ढोबळमानाने ईशान्येला असतं. आखातातला ठरलेला वारा मात्र वायव्येचा. अरब त्याला शमाल म्हणतात. म्हणजे बंदर सोडल्यापासून सामुद्रधुनी येईपर्यंत हा वारा जहाजाच्या डाव्या कुशीवर आदळत राहतो, कधी कधी दिवसेंदिवस. या मार्गावर रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या खलाशांनी कितीतरी वर्षं सुकाणू धरलं आहे. खुल्या समुद्रात आता ते काम बहुतेक वेळ ऑटोपायलट करतो. कुशीवरचा हा एकसारखा वारा त्याची एक वेगळीच परीक्षा घेतो.

केबिन आणि ब्रिज मागच्या बाजूला असलेलं जहाज पुढे चाललं असेल, तर कुशीवरच्या वाऱ्याने त्याचं नाक सहसा वाऱ्याच्याच दिशेला वळू पाहतं. इथे वारा डावीकडून, म्हणून नाक डावीकडे. ते सरळ ठेवायला सुकाणू सतत थोडं उजवीकडे धरावं लागतं. समजा, आजच्या शमालला तोलायला उजवीकडे तीन अंश सुकाणू लागतं आहे.

ऑटोपायलटची सगळ्यात साधी रीत अशी: ठरलेली दिशा आणि होकायंत्राने दाखवलेली दिशा यांत एक अंश फरक पडला की सुकाणू एक अंश फिरवायचं. जोडीला जहाज किती वेगाने वळतंय तेही बघायचं आणि वळण आवरायला थोडं उलटं सुकाणू द्यायचं. वारा नसताना ही रीत झकास चालते. ०४५ वरून ०६० चा हुकूम द्या, जहाज वळतं आणि बरोबर ०६० वर स्थिरावतं. चूक शून्य.

शमालमध्ये तेच जहाज ०४५ च्या हुकमावर ०४२ धरतं. ०६० सांगितलं तर ०५७ वर थांबतं. डोलत नाही, भरकटत नाही, तीन अंश डावीकडे राहून इमानाने चालत राहतं.

कारण हिशेबातच आहे. जहाज एका दिशेवर स्थिर झालं की त्याचं वळणं शून्य असतं. वळणं शून्य व्हायला सुकाणूच्या आणि वाऱ्याच्या जोराने एकमेकांना तोललं पाहिजे, म्हणजे सुकाणू उजवीकडे तीन अंश असलंच पाहिजे. वळण्याच्या वेगावर चालणारा भाग या वेळी गप्प असतो, कारण वेगच नाही. मग तीन अंशांचा हुकूम येणार कुठून? फक्त चुकीतून. चूक तीन अंश असेल तेव्हाच सुकाणू तीन अंश मिळतं. अंशामागे दोन अंश सुकाणू असा पट दुप्पट केला, तर चूक दीड अंशावर येते. सूत्र एवढंच: `e = D/Kp`. इथे `D` म्हणजे वाऱ्याला तोलायला लागणारं सुकाणू आणि `Kp` म्हणजे हा पट. पट वाढवत नेला तर चूक घटते, पण संपत नाही. वर प्रत्येक लाटेसरशी सुकाणू धडपडू लागतं आणि इंधन जळतं ते वेगळंच.

नियंत्रणशास्त्र नुकतंच शिकलेला विद्यार्थी इथे हमखास अडतो. त्याने वाचलेलं असतं की साखळीत एक इंटिग्रेटर, म्हणजे येणाऱ्या गोष्टीची काळानुसार बेरीज करत जाणारा घटक, असला की कायमची चूक शून्य होते. जहाजात तो आहेच! सुकाणू जहाजाला वळण्याचा वेग देतं, आणि त्या वेगाची बेरीज होत होत दिशा बनते. त्या जोरावरच तर वारा नसताना ०६० बरोबर गाठलं गेलं. मग वाऱ्यापुढे तो का हरतो?

कारण तो वाऱ्याच्या पलीकडे बसला आहे. वारा जहाजात शिरतो तो सुकाणूच्याच जागी, जणू कुणी आणखी एक सुकाणू गुपचूप फिरवून ठेवलं आहे. इंटिग्रेटरची खुबी ही की आत काही येत नसतानाही साठलेली बेरीज तो धरून ठेवतो. जहाजातला इंटिग्रेटर दिशा धरून ठेवतो, आणि दिशा धरून ठेवायला त्याच्या आत शून्य जावं लागतं. ते शून्य घडवायचं काम त्याच्या अलीकडच्या घटकांवर पडतं. इथे धरून ठेवायला हवी होती ती सुकाणूची तीन अंशांची स्थिती. ती फक्त असा इंटिग्रेटर धरू शकतो जो चूक मोजण्याच्या जागेनंतर, पण वारा शिरण्याच्या जागेआधी आहे. थोडक्यात, नियंत्रकात.

निकोलाय मिनोर्स्की या रशियात जन्मलेल्या अभियंत्याने १९२२ साली अमेरिकेत जहाजांच्या स्वयंचलित सुकाणूवर निबंध छापला. आज कारखान्याकारखान्यात दिसणाऱ्या पीआयडी नियंत्रणाची ती पहिली नीट मांडणी मानली जाते. अमेरिकी नौदलाच्या ‘न्यू मेक्सिको’ या युद्धनौकेवर त्याच्या यंत्रणेच्या चाचण्याही झाल्या. अनुभवी सुकाणी नुसती चूक पाहून सुकाणू फिरवत नाही, वारा ओळखून थोडं सुकाणू कायमचं देऊन ठेवतो. ते काम यंत्राकडून करून घ्यायचं तर चुकीची बेरीज लागते. बऱ्याच जुन्या ऑटोपायलटवर त्यासाठी हाताने फिरवायची खुंटी असे, आणि वारा बदलला की खलाशाला ती पुन्हा जुळवावी लागे.

आता आपल्या जहाजावर बेरीज चालू करू. एक अंश चूक शंभर सेकंद टिकली की सुकाणूत कायमचा एक अंश जमा, असा हिशेब ठेवला तर तीन अंशांची चूक शंभर सेकंदांत साधारण १.१ वर येते आणि पाच मिनिटांत ०.१५ वर. शेवटी चूक शून्य, आणि बेरजेत नेमके तीन अंश.

ही सोय फुकट नाही. बेरीज घाईने चालवली तर जहाज ठरलेल्या दिशेच्या दोन्ही बाजूंना नागमोडी डोलू लागतं, कारण साखळीत आता दोन इंटिग्रेटर झाले आणि प्रत्येक जण उशीर वाढवतो. चाळीस अंशांचं मोठं वळण घेताना बेरीज चालू राहिली, तर वळणभर नको ती चूक साठते आणि जहाज दिशा ओलांडून जातं. म्हणून वळणात ती थांबवतात. वारा अचानक पडला तर साठलेले तीन अंश जहाजाला आता उजवीकडे ढकलतात, बेरीज उतरेपर्यंत. आणि होकायंत्रच एक अंश चुकीचं दाखवत असेल, तर कुठलीही बेरीज कामाची नाही; ती मोठ्या निष्ठेने चुकीचीच दिशा धरते.

दिशा जमली तरी वाट जमली असं नाही. वारा आणि प्रवाह जहाजाला आडवं सरकवतात, आणि होर्मुझमध्ये जाण्यायेण्याच्या मार्गिका जेमतेम दोन-दोन सागरी मैल रुंद आहेत. म्हणून दिशेच्या यंत्रणेवर आणखी एक यंत्रणा बसवतात: वाटेपासून किती मीटर बाजूला आहोत ते पाहून दिशेचा हुकूम देणारी. जहाज सेकंदाला ७ मीटर चाललंय आणि ०.७ मीटर आडवं सरकतंय असं धरा. वाटेवर राहायला नाक पावणेसहा अंश तिरकं धरायला हवं. दर वीस मीटरमागे एक अंश असा साधा पट असेल, तर जहाज वाटेपासून सुमारे ११५ मीटर बाजूलाच चालत राहील.

दिशेच्या यंत्रणेत नुकताच बसवलेला इंटिग्रेटर इथे मदतीला येत नाही. तो दिशेचा हुकूम पाळण्यात गुंतलेला. आडवी सरक शिरते ती दिशेनंतर, स्थानाची बेरीज होण्याआधी. म्हणून वाटेच्या चुकीची बेरीज करणारा स्वतंत्र इंटिग्रेटर बाहेरच्या यंत्रणेत लागतो. तो आतल्यापेक्षा बराच संथ ठेवतात, नाहीतर दोघे एकमेकांच्या मागे धावत बसतात. वळणबिंदू ओलांडला की त्यातला जुना साठा जसाच्या तसा पुढे नेता येत नाही, कारण नव्या वाटेवर तोच वारा आणि तोच प्रवाह वेगळ्या कोनातून लागतो.