दुधाळ सिरम आणि हरवलेलं सोडियम

१६६५ साली लंडनमध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक सुरू झालं. त्याच वर्षी रॉबर्ट बॉइल यांनी त्यात रिचर्ड लोअर या वैद्याकडून आलेली एक हकीकत छापली. एका स्त्रीने सकाळी सातला भरपेट न्याहारी केली, अकराच्या सुमारास तिच्या पायातून रक्त काढलं, आणि भांड्यात ठेवलेलं ते रक्त थोड्याच वेळात पांढरं दिसू लागलं. शिरेत दूध सापडलं, अशीच त्या नोंदीची भाषा होती. हे दूध म्हणजे चरबी, हे १८३० साली एडिनबराच्या रॉबर्ट ख्रिस्टिसन यांनी रासायनिक तपासणीने दाखवलं.

मला लोअर यांच्या नोंदीत न्याहारी आणि रक्त काढणं यांतलं चार तासांचं अंतर फार मोलाचं वाटतं. जेवणातली चरबी आतड्यातून कायलोमायक्रॉन नावाच्या मोठ्या कणांच्या रूपाने रक्तात येते, आणि सिरम गढूळ होतं ते या कणांमुळे. निरोगी माणसात काही तासांत ते साफ होतं. मधुमेह हाताबाहेर गेलेला असेल, दारू जास्त होत असेल किंवा चरबी फोडणारं एन्झाइम जन्मतःच कमी असेल, तर कण साचत जातात. अशा वेळी ट्रायग्लिसराइड हजारांच्या घरात पोचतं आणि उपाशीपोटी घेतलेलं सिरमही दुधासारखं दिसतं. ते रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं तर कायलोमायक्रॉन तरंगून वर पांढरा थर धरतात. खालचा भाग स्वच्छ राहिला तर दोष कायलोमायक्रॉनचा. खालीही गढूळपणा उरला तर यकृतातून येणारे लहान कण, म्हणजे व्हीएलडीएल, वाढलेले आहेत. या साध्या परीक्षेला आजही तोड नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दुधाळ सिरम हे फक्त आजाराचं लक्षण होतं. लॅबमध्ये सोडियम-पोटॅशियमसाठी फ्लेम फोटोमीटर आले, तेव्हा ते मोजमापाचीही अडचण झालं. अशा रुग्णांचं सोडियम कमी यायचं आणि त्याची लक्षणं मात्र रुग्णात दिसायची नाहीत. येल विद्यापीठात मार्गारेट अल्ब्रिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली या कोड्याच्या मुळाशी असलेली गोष्ट मोजून दाखवली: सिरममधली चरबी पाण्याची जागा घेते.

उसाच्या रसाच्या पेल्यात बर्फ भरला की पेला भरलेला दिसतो, पण त्यात रस कमी असतो. जो रस आहे त्याची गोडी मात्र तेवढीच असते. सिरमचं तसंच आहे. एरवी सिरमचा सुमारे ९३ टक्के भाग पाणी असतो आणि सोडियम त्या पाण्यातच असतं. शरीराला जाणवतं ते पाण्यातलं प्रमाण. यंत्र मात्र ठरलेल्या मापाचं सिरम उचलतं, ते पातळ करतं, आणि सिरममध्ये पाणी नेहमीइतकंच आहे असं धरून हिशेब करतं.

समजा, चाळिशीतला एक मधुमेही पुरुष पोटाच्या वरच्या भागात असह्य कळा येतात म्हणून दाखल झाला. सिरम दुधासारखं. ट्रायग्लिसराइड प्रति डेसिलिटर ५००० मिलिग्रॅम. कोलेस्टेरॉल आणि इतर चरबी धरून लिटरमागे साधारण ६० ग्रॅम चरबी झाली. सिरममधल्या पाण्याचा टक्का काढायचं जुनं सूत्र ९९.१ मधून लिटरमागच्या चरबीच्या ग्रॅमचा दहावा भाग आणि प्रथिनांच्या ग्रॅमचे ०.०७ पट वजा करतं. प्रथिनं ७० ग्रॅम धरली तर पाणी येतं ८८.२ टक्के. याच सूत्राने सर्वसाधारण सिरमचं पाणी ९३.६ टक्के येतं. म्हणजे ज्याचं सोडियम खरोखर १४० आहे, त्याच्या रिपोर्टवर ते १३२ छापून येईल. ट्रायग्लिसराइड १०,००० असेल तर हा आकडा १२४ च्या आसपास जातो. तो पाहून कुणी खारट सलाइन जोरात चालू केलं, तर मुळात ठीक असलेलं सोडियम धोकादायक पातळीवर चढतं.

फ्लेम फोटोमीटर गेले, आयन-सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोड आले, तेव्हा हा प्रश्न मिटला असं अनेकांना वाटलं. तो मिटला नाही. मोठ्या लॅबमधल्या स्वयंचलित यंत्रांत इलेक्ट्रोड असला तरी सिरम आधी पातळच केलं जातं, त्यामुळे चूक जशीच्या तशी राहिली. आयसीयूतल्या ब्लड गॅस यंत्रात मात्र रक्त पातळ न करता थेट इलेक्ट्रोडवर जातं आणि तिथे सोडियम १४० च दिसतं. एकाच वेळी घेतलेल्या रक्ताचे दोन आकडे असे वेगळे आले, तर मशीन बिघडलं म्हणण्याआधी सिरमकडे पाहावं. गोठणबिंदूवरून मोजलेली ऑस्मोलॅलिटी नॉर्मल असणं ही सोडियम खरोखर कमी नसल्याची दुसरी खूण.

जागेच्या या चुकीखेरीज दुसरी चूक प्रकाशाची. लॅबमधल्या बऱ्याच तपासण्या द्रावण किती प्रकाश शोषतं यावर चालतात, आणि चरबीचे कण प्रकाश विखुरतात. याच रुग्णाचं हिमोग्लोबिन १६.९ आलं, हिमॅटोक्रिट ४२ टक्के. भागाकार केला की एमसीएचसी ४० च्या वर जातं. लाल पेशीत इतकं हिमोग्लोबिन सहसा मावत नाही, म्हणून जाणता तंत्रज्ञ इथेच थबकतो. रक्त फिरवून वरचा प्लाझ्मा वेगळा काढला आणि तोच यंत्राला दिला, तर हिमोग्लोबिन शून्याजवळ यायला हवं, इथे ४.० आलं. रक्तात प्लाझ्मा ५८ टक्के, म्हणून ४.० चे ५८ टक्के, म्हणजे २.३ वजा करायचे. खरं हिमोग्लोबिन १४.६, एमसीएचसी ३४.८. हिशेब जुळला.

याच रुग्णात सगळ्यात घातक चूक अमायलेजची ठरू शकते. ट्रायग्लिसराइड १००० च्या वर गेलं की स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, आणि ती ओळखायला आपण अमायलेज पाहतो. १९७३ साली फॅलट, व्हेस्टर आणि ग्लूक यांनी दाखवलं की अशा सिरममध्ये अमायलेज दबलेलं दिसू शकतं आणि सॅम्पल पातळ करत नेलं की ते वर येतं. म्हणून दुधाळ सिरममधल्या नॉर्मल अमायलेजवर विसंबून स्वादुपिंडाला निर्दोष ठरवू नये. लायपेज आणि सीटी स्कॅन पाहावं.

सिरममधल्या या चुकांवरचा उपाय म्हणजे सॅम्पल अतिवेगाने फिरवून चरबी वर आणायची आणि खालच्या स्वच्छ द्रवावर तपासण्या करायच्या. पण क्रम पाळावा लागतो. ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल आधी, मूळ सॅम्पल नीट हलवून मोजायचं, नाहीतर जे मोजायचं तेच फेकलं जातं. हलवलं नाही तर यंत्राची सुई वरच्या दाट थरातूनच सॅम्पल ओढते. चरबीत विरघळणारी काही औषधंही त्या थराबरोबर निघून जातात. एलडीएलचं फ्रीडवाल्ड यांचं १९७२ सालचं सूत्र ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की लागू पडत नाही, तिथे सूत्राचा आकडा छापूच नये.

आताची यंत्रं ६६० आणि ७०० नॅनोमीटरसारख्या तरंगलांबीच्या प्रकाशात गढूळपणा मोजून प्रत्येक सॅम्पलला लायपेमिया इंडेक्स देतात. डोळ्यांपेक्षा हे खात्रीचं, पण याला मर्यादा आहे. गढूळपणा कणांच्या आकारावरही ठरतो, त्यामुळे सारख्याच ट्रायग्लिसराइडची दोन सॅम्पल्स वेगळी दिसू शकतात. शिवाय कोणत्या इंडेक्सपर्यंत तपासणी ग्राह्य धरायची हे कंपन्या बहुधा सिरममध्ये इंट्रालिपिड मिसळून ठरवतात. शिरेतून पोषण देण्यासाठी स्वीडनमध्ये तयार झालेलं हे सोयाबीन तेलाचं मिश्रण रुग्णाच्या चरबीसारखं हुबेहूब वागत नाही. म्हणून इंडेक्स मर्यादेच्या आत असला, तरी शंका आल्यास सॅम्पल फिरवण्याआधीचा आणि नंतरचा आकडा ताडून पाहावा, आणि कोणता आकडा कशावर मोजला ते रिपोर्टवर लिहावं.