सागाच्या वलयांतला दुष्काळ

कापलेल्या बुंध्यावरची वलयं मोजली की झाडाचं वय कळतं आणि अरुंद वलय म्हणजे दुष्काळाचं वर्ष, एवढं आपण शाळेत शिकलेलो असतो. मी अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनमध्ये सॉफ्टवेअरचं काम करतो. ए. ई. डग्लस या खगोलशास्त्रज्ञाने वलयांचं शास्त्र ज्या गावात उभं केलं ते हेच, त्यामुळे विषय अधूनमधून कानावर पडतो. पण मला त्यात खऱ्या अर्थाने ओढलं ते आपल्या सागाने. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी केरळमधल्या सागावरून १४८१ ते २००३ अशी तब्बल ५२३ वर्षांची नोंद बांधली आहे.

साग का, तर उष्ण प्रदेशातल्या बऱ्याच झाडांची वलयं धड दिसतच नाहीत. सागाचं तसं नाही. उन्हाळ्यात पानं गळतात, वाढ थांबते आणि पुन्हा सुरू झाली की आधी मोठ्या छिद्रांची रांग तयार होते. सुताराने रंधा मारलेल्या फळीवर ती नुसत्या डोळ्यांनीही दिसते. झाड तोडायची गरज नसते. पोकळ गिरमिटाने छातीच्या उंचीवर पेन्सिलीपेक्षाही बारीक अशी लाकडाची कांडी काढतात, शक्यतो एकाच झाडाच्या दोन बाजूंनी. मग पॉलिश पेपरने ती आरशासारखी घासून सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक वलय मोजतात.

खरी कसोटी मोजण्यात नाही, साल ठरवण्यात आहे. पावसाळ्यात मध्येच मोठा खंड पडला आणि नंतर पुन्हा पाऊस आला, तर एका वर्षात दोन वलयांचा भास होतो. उलट फार वाईट वर्षी बुंध्याच्या एका बाजूला वलय उमटतच नाही. समजा, २००३ मध्ये काढलेली एक कांडी आहे. सालीकडून आत मोजत गेलो तर अरुंद वलयं २००२, १९८७, १९७३ आणि १९१९ ला येतात. त्याच जंगलातल्या इतर झाडांत मात्र ती २००२, १९८७, १९७२ आणि १९१८ ला आहेत. म्हणजे १९८७ आणि १९७२ यांच्या मध्ये आपल्या कांडीतून एक वलय गायब आहे आणि तिथून आतलं प्रत्येक साल एकाने चुकलं आहे. दुसऱ्या बाजूच्या कांडीत ते केसाएवढं बारीक सापडतं, मग पहिलीत त्या वर्षासमोर शून्य लिहितात.

इथे मोह होतो की हवामान खात्याची दुष्काळाची यादी घ्यावी आणि वलयं तिला जुळवावीत. तसं केलं तर वलयं आणि पाऊस जुळणारच, कारण आपणच जुळवलेत! म्हणून जुळणी झाड विरुद्ध झाड अशी करायची, पावसाशी तुलना त्यानंतर. संगणक पन्नास-पन्नास वर्षांचे तुकडे सरकवून जुळणी तपासतो आणि संशयाची जागा दाखवतो. निर्णय मात्र पुन्हा लाकूड पाहूनच घ्यायचा.

(एक धंद्यातली गंमत. ही मापं अजूनही पंचकार्डांच्या काळातल्या, याच गावाच्या नावाच्या फॉरमॅटमध्ये साठवतात. मापं मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असली तर `999` म्हणजे मालिका संपली. त्यामुळे बरोबर ९.९९ मिलिमीटरचं वलय आलं, तर ते फाइल लिहिताना किंचित बदलावं लागतं.)

सालं पक्की झाली तरी अरुंद म्हणजे दुष्काळ असं होत नाहीच. तरुण झाड भराभर जाड होतं, म्हाताऱ्याची वलयं बारीकच असतात. म्हणून प्रत्येक झाडासाठी वयानुसार अपेक्षित वाढीची वक्ररेषा काढतात आणि प्रत्यक्ष रुंदीला तिने भागतात. एखाद्या झाडाने दहाव्या वर्षी ६ मिलिमीटर वाढायला हवं होतं आणि ते ३ मिलिमीटर वाढलं, तर आकडा ०.५ येतो. तेच झाड शंभराव्या वर्षी अपेक्षेप्रमाणे १.५ मिलिमीटर वाढलं, तर आकडा १. म्हणजे दुप्पट रुंद वलय हेच वाईट वर्षाचं निघालं.

या भागाकाराची किंमतही आहे. वक्ररेषा फार लवचीक ठेवली तर तीस वर्षं हळूहळू कोरडी होत गेलेली हवा ती झाडाचं म्हातारपण समजून पुसून टाकते. ताठ ठेवली तर शेजारचं मोठं झाड पडून मिळालेला जास्तीचा उजेड आपल्याला चांगला पाऊस वाटतो. मला स्वतःला ताठ रेषाच पटते. उजेडाची चूक एका झाडापुरती असते, अनेक झाडांच्या सरासरीत ती विरते. पुसलेला दुष्काळ परत मिळत नाही.

केरळच्या नोंदीत कमी वाढीची वर्षं अनेकदा अल निनोशी आणि कमी मान्सूनशी जुळतात. अर्थात वलयाला थेट पाऊस कळत नाही, मुळांपाशी टिकलेला ओलावा कळतो. आठवडाभरात कोसळून वाहून गेलेला पाऊस पर्जन्यमापकात भरघोस दिसेल, सागाला तो मिळालेलाच नसतो. शिवाय पानं खाणाऱ्या अळीने ऐन हंगामात झाड ओकंबोकं केलं तरी वलय अरुंदच येतं. ती अळी एका जंगलापुरती असू शकते, म्हणून एकमेकांपासून दूर असलेल्या जंगलांत तेच साल अरुंद निघालं तरच त्याला दुष्काळ म्हणायचं धाडस करता येतं. केरळच्या नोंदीसाठी तीन ठिकाणचे साग घेतले होते. आणि जितकं मागे जावं तितकी म्हातारी झाडं कमी, त्यामुळे पंधराव्या शतकातल्या एका अरुंद वलयावर एकोणिसाव्या शतकातल्या वलयाइतका भरवसा ठेवता येत नाही.