न दिसणाऱ्या गाळणीचे मोजमाप

मूत्रपिंडे दर मिनिटाला किती द्रव गाळतात, हे पाहायला कोणालाही आत शिरता येत नाही. प्रत्येक मूत्रपिंडात केशवाहिन्यांचे सुमारे १० लाख सूक्ष्म गुच्छ असतात. रक्ताचा पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, त्यांतून गाळला जातो आणि लांबलचक नलिकांत उतरतो. नलिका त्यातले बहुतेक पाणी, मीठ, साखर परत रक्तात ओढून घेतात आणि काही पदार्थ रक्तातून उचलून आत टाकतातही. या साऱ्या देवघेवीनंतर जे उरते ती लघवी. तरुण, निरोगी माणसात दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळला जातो आणि लघवी होते दीड लिटर. मग केवळ लघवी आणि रक्त तपासून ते १८० लिटर शोधायचे कसे?

उत्तर साध्या हिशेबात आहे. एखादा पदार्थ लघवीतून मिनिटाला किती मिलिग्रॅम बाहेर पडतो ते मोजायचे आणि तेवढा पदार्थ किती प्लाझ्मात सामावलेला होता, असे विचारायचे. लघवीतली संहती गुणिले लघवीचा मिनिटाचा प्रवाह, भागिले प्लाझ्मातली संहती. येणारा आकडा म्हणजे त्या पदार्थाचे ‘क्लिअरन्स’. १९२० च्या दशकाच्या अखेरीस डोनाल्ड व्हॅन स्लाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरियाच्या संदर्भात ही कल्पना मांडली. ती समजून घेताना एक गोष्ट घट्ट धरून ठेवावी लागते. मिनिटाला ७५ मिलिलिटर क्लिअरन्स म्हणजे ७५ मिलिलिटर प्लाझ्मा पूर्ण स्वच्छ झाला आणि बाकीचा तसाच राहिला, असे शरीरात खरोखर घडत नाही. सगळ्याच प्लाझ्मातून थोडाथोडा पदार्थ निघतो. आपण तो हिशेबापुरता एका ठिकाणी गोळा करतो.

म्हणूनच आकड्याचा अर्थ निवडलेल्या पदार्थावर अवलंबून असतो. निरोगी माणसात ग्लुकोजचे क्लिअरन्स जवळपास शून्य येते. याचा अर्थ गाळण बंद आहे असा नव्हे. नलिका सगळी साखर परत घेतात, एवढाच. गाळणच मोजायची तर असा पदार्थ हवा, जो मोकळेपणाने गाळला जाईल, नलिका ज्याला परत घेणार नाहीत, आत टाकणारही नाहीत आणि शरीर ज्याला तयार करणार नाही, मोडणारही नाही. १९३०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये होमर स्मिथ आणि जेम्स शॅनन, तर फिलाडेल्फियात ए. एन. रिचर्ड्स यांच्या गटाला तो सापडला डेलियाच्या कंदात: इन्युलिन. (मधुमेहातल्या इन्सुलिनशी याचा काही संबंध नाही.) कॉफीत मिसळतात त्या चिकोरीच्या मुळातही हे पिष्टासारखे कर्बोदक असते.

इन्युलिनवर विश्वास का ठेवायचा? मला सर्वांत पटणारा पुरावा असा: रक्तातले इन्युलिन कितीतरी पटींनी वाढवले तरी त्याचे क्लिअरन्स बदलत नाही. नलिका ते वाहून नेत असत्या, तर त्यांची क्षमता केव्हातरी अपुरी पडली असती आणि आकडा हलला असता.

प्रत्यक्ष चाचणी मात्र कष्टाची. शिरेतून संथ धारेने इन्युलिन देत राहायचे, रक्तातली पातळी स्थिर झाली की ठरावीक वेळेची लघवी गोळा करायची. समजा प्लाझ्मात मिलिलिटरला ०.२ मिलिग्रॅम, लघवीत १२.५ मिलिग्रॅम आणि लघवी मिनिटाला २ मिलिलिटर. बाहेर पडले २५ मिलिग्रॅम. भागिले ०.२, म्हणजे मिनिटाला १२५ मिलिलिटर. दिवसाचे १८० लिटर येतात ते इथून.

आता दुसरा प्रश्न: मूत्रपिंडांपर्यंत मुळात किती प्लाझ्मा पोहोचतो? त्यासाठी नेमका उलट स्वभावाचा पदार्थ लागतो. गाळणीतून सुटलेला भागही नलिकांनी पकडून लघवीत टाकायला हवा, म्हणजे एकाच फेरीत रक्त त्यापासून जवळजवळ रिकामे होईल. पॅरा-अमिनोहिप्युरिक आम्ल, थोडक्यात पीएएच, हा तो मागकाढ्या. वरच्याच माणसाला तो दिला, प्लाझ्मात मिलिलिटरला ०.०२ मिलिग्रॅम आणि लघवीत ६ मिलिग्रॅम आढळले, तर क्लिअरन्स ६०० मिलिलिटर. पण मूत्रपिंडातले काही रक्त या नलिकांना न भेटताच निघून जाते, त्यामुळे साधारण ९० टक्केच पीएएच काढले जाते. ६०० ला ०.९ ने भागले की खरा प्रवाह ६६७ च्या आसपास येतो. त्यातले १२५ गाळले गेले, म्हणजे सुमारे पाचवा हिस्सा. पीएएचची मात्रा मात्र कमीच ठेवावी लागते. जास्त दिले की नलिकांची वाहतूक तुंबते, पदार्थ रक्तात उरतो आणि प्रवाह घटला नसतानाही घटल्यासारखा दिसतो. आजूबाजूच्या आजारी नलिकाही हाच भास निर्माण करतात.

रोजच्या दवाखान्यात इन्युलिन परवडत नाही. तिथे कामाला येते क्रिएटिनिन. ते स्नायूंतून रोज जवळपास सारख्याच प्रमाणात तयार होते, बाहेरून काही टोचावे लागत नाही. समजा मुलाला मूत्रपिंड देऊ इच्छिणारी ५० किलो वजनाची आई आहे. रक्तात क्रिएटिनिन ०.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, २४ तासांची लघवी १४४० मिलिलिटर आणि तिच्यात डेसिलिटरला ६० मिलिग्रॅम. दिवसाचे ८६४ मिलिग्रॅम, मिनिटाचे ०.६. क्लिअरन्स ७५. आता तीच बाई दुपारी बाहेर गेली आणि ३०० मिलिलिटर लघवी कॅनमध्ये यायची राहिली, असे समजा. प्रयोगशाळेला मिळतात ६८४ मिलिग्रॅम, आणि आकडा होतो ५९. मूत्रपिंडांत काहीही न बदलता तिची गाळण ६० च्या सीमारेषेखाली गेली!

ही चूक पकडता येते. प्रौढ स्त्रीच्या लघवीत दिवसाला किलोमागे साधारण १५ ते २० मिलिग्रॅम क्रिएटिनिन अपेक्षित असते. ८६४ ला ५० ने भागल्यास १७ येतात, ६८४ ला भागल्यास १४ देखील नाहीत. वृद्ध किंवा फार कृश व्यक्तीत हा आकडा मुळातच कमी असतो हे खरे, पण इतर वेळी अहवालात आधी क्लिअरन्स न पाहता ही एकूण बेरीज पाहावी आणि शंका आली तर चाचणी पुन्हा करावी.

क्रिएटिनिनचा दुसरा दोष त्याच्या स्वभावातच आहे. नलिका थोडे क्रिएटिनिन स्वतःहून आत टाकतात, त्यामुळे त्याचे क्लिअरन्स खऱ्या गाळणीपेक्षा १० ते २० टक्के जास्त येते. गंमत म्हणजे माक्स याफे यांनी १८८६ मध्ये शोधलेली पिक्रिक आम्लाची रंगचाचणी रक्तातल्या इतर काही पदार्थांनाही क्रिएटिनिन समजून मोजत असे. भाजक वाढला, उत्तर घटले, आणि दोन चुका एकमेकींना बऱ्यापैकी झाकत राहिल्या. निरोगी माणसात हे जमून जाई. मूत्रपिंडे खालावली की मात्र रक्तात खरे क्रिएटिनिन भरपूर होते, रंगचाचणीची चूक नगण्य ठरते आणि नलिकांचा वाटा मोठा होतो. म्हणजे आजार जितका पुढे गेलेला, तितके क्लिअरन्स खोटा दिलासा देते. ट्रायमेथोप्रिमसारखे औषध नलिकांची ही वाट अडवते, तेव्हा गाळण तशीच असूनही रक्तातले क्रिएटिनिन वाढते.

म्हणून आपल्याकडे अवयवदात्याची तपासणी करताना बऱ्याच ठिकाणी किरणोत्सर्गी टेक्नेशियम जोडलेले डीटीपीए टोचून गाळण मोजतात; ते इन्युलिनसारखेच गाळले जाते. आणि मूत्रपिंडे अगदी थकलेली असतील तेव्हा डॉक्टर युरियाचे क्लिअरन्सही काढतात. युरिया नलिकांतून काही प्रमाणात परत शोषला जातो, त्यामुळे त्याचा आकडा खऱ्या गाळणीपेक्षा कमी येतो; क्रिएटिनिनचा जास्त येतो. दोहोंची सरासरी खऱ्या गाळणीच्या बरीच जवळ जाते.