रोज किती बिर्याणी विकली की खर्च निघतो?

क्लाउड किचनला टेबल-खुर्च्या लागत नाहीत, वाढपी लागत नाहीत, रस्त्यालगतचा महागडा गाळाही लागत नाही. स्वयंपाकघर तेवढं हवं. गिऱ्हाईक मोबाइलवरून येतं. त्यामुळे भांडवल थोडकं लागतं, पण त्याच कारणानं हिशेबाकडे दुर्लक्षही होतं. ऑर्डरी धडाधड येत असतात आणि महिनाअखेर भाडं भरायला पैसे पुरत नाहीत. असं का होतं, हे एका नमुन्याच्या हिशेबातून पाहू.

समजा, पुण्याच्या एखाद्या उपनगरात कुणी फक्त चिकन बिर्याणीचं किचन टाकलं आहे. जागेचं भाडं महिना २५ हजार, आचारी आणि मदतनीस यांचे पगार मिळून ४४ हजार, वीज, इंटरनेट वगैरे साडेसात हजार. एकूण ७६,५०० रुपये. एकही ऑर्डर आली नाही तरी हा पैसा जाणारच, म्हणून हा स्थिर खर्च.

दुसरा खर्च प्लेटीबरोबर वाढतो. चिकन, तांदूळ, तेल, मसाला आणि गॅस मिळून ९२ रुपये, डबा आणि पिशवीचे १४. ॲपवर विक्रीची किंमत २५० रुपये. ॲपचं कमिशन २० टक्के धरलं तर ५० रुपये होतात. पण त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे कापले जातात ५९. बहुतेक हॉटेलांप्रमाणे ५ टक्के जीएसटीच्या चौकटीत असलेल्या किचनला या कराची वजावट मिळत नाही. तेव्हा तो खर्चातच धरायचा. (गिऱ्हाइकाकडून घेतलेला ५ टक्के जीएसटी १ जानेवारी २०२२पासून ॲपच परस्पर भरतं, त्यामुळे तो आपल्या हिशेबात येत नाही.)

आता २५० मधून ९२, १४ आणि ५९ वजा केले की प्लेटमागे ८५ रुपये उरतात. हा नफा नव्हे. यातून आधी ते ७६,५०० फेडायचे आहेत. ७६,५०० भागिले ८५ म्हणजे ९०० प्लेट. महिन्याचे तीस दिवस धरले तर रोजच्या ३०. हा झाला ब्रेक-इव्हन, म्हणजे ना नफा ना तोटा. एकतिसाव्या प्लेटपासूनचे ८५ रुपये खऱ्या अर्थानं मालकाचे.

मात्र हा आकडा भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा नाही, कारण ॲपवर किंमत सतत हलत असते. समजा, स्वतःच्या खिशातून २० टक्के सवलत दिली आणि बिर्याणी २०० रुपयांना विकली. कमिशन घटून सुमारे ४७ रुपये होतं, पण चिकन आणि डबा काही स्वस्त होत नाहीत. प्लेटमागे जेमतेम ४७ रुपये उरतात आणि खर्च निघायला रोज ३० ऐवजी ५५ प्लेट जाव्या लागतात. किंमत पाचव्या हिश्शानं उतरली, हाती उरणारी रक्कम मात्र निम्म्याजवळ आली. शिवाय दोन माणसांच्या हातून रोज ४५च प्लेट निघत असतील, तर तिसरा माणूस ठेवावा लागेल. मग स्थिर खर्चही वर सरकेल आणि ५५ प्लेटही पुरणार नाहीत.

सगळ्याच ऑर्डरी सवलतीत जात नाहीत, हे खरं. निम्म्या पूर्ण किमतीला आणि निम्म्या सवलतीत गेल्या, तर उरणाऱ्या रकमांची सरासरी सुमारे ६६ रुपये येते आणि रोज ३९ प्लेट लागतात. म्हणून ॲपच्या आठवड्याच्या हिशेबात सवलतीच्या ऑर्डरी वेगळ्या मोजाव्यात आणि सरासरी दर वेळी नव्यानं काढावी.

कच्चा माल महागला की आणखी एक चूक होते. प्लेटमागे खर्च १० रुपयांनी वाढला म्हणून बिर्याणीचा दरही १० रुपयांनी वाढवला जातो. पण त्या दहातले २ रुपये ३६ पैसे कमिशन आणि त्यावरच्या करात जातात. आधीचे ८५ रुपये टिकवायचे तर दर १३ रुपयांनी वाढवावा लागतो.

बहुतेकांची झटापट भाड्याशी असते. इथे घासाघीस करून भाडं ५ हजारांनी कमी केलं, तरी रोजच्या ३० प्लेटींच्या २८ होतात. उलट किंमत नुसती १० रुपयांनी उतरवली, तर ३० च्या ३३ होतात. करार झाला की भाडं मुदतीपुरतं ठरलेलं असतं. किमतीचा निर्णय मात्र रोज आपल्या हातात असतो आणि हिशेब तिथेच बिघडतो.

म्हणून सवलत सुरू करण्याआधी कागदावर तीन आकडे लिहा: सवलतीनंतर प्लेटमागे किती उरतील, त्यावर रोज किती प्लेट लागतील आणि आपल्या शेगड्यांवर तेवढ्या होतील का. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर ती सवलत देऊ नका.