बातमीतला ‘मी’ कुठे बसला होता?

बातमी अशी आहे: ‘मुंबई, १६ एप्रिल १८५३. देशातली पहिली प्रवासी आगगाडी आज बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत धावली. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी २१ तोफांच्या सलामीत गाडी सुटली. १४ डब्यांत सुमारे ४०० निमंत्रित होते. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने गाडीला जोडली होती. अंतर ३४ किलोमीटर.’ तपशील इतिहासातले, वाक्यं मात्र आजच्या वर्तमानपत्री वळणाची. आता हीच बातमी रोजनिशीत उतरवायची आहे, एकही तथ्य न बदलता.

बहुतेक जण पेन उचलतात आणि लिहितात, ‘आज मी तिकीट काढून आगगाडीत बसलो.’ पहिल्याच वाक्यात घसरगुंडी! त्या दिवशी गाडीत निमंत्रित होते, असं बातमी सांगते. तेव्हा आधी ठरवायचं ते हे की हा ‘मी’ कोण आणि कुठे आहे. तो डब्यात असेल तर त्याला बोलावणं आलेलं असलं पाहिजे. तो रुळांच्या कडेला उभा असेल, तर गाडीला किती डबे आहेत ते तो मोजू शकेल, पण ठाण्याला गाडी कशी पोहोचली हे त्याला दिसणार नाही. बातमीदार एकाच वेळी सगळीकडे असतो. रोजनिशी लिहिणाऱ्याला एकच जागा मिळते.

समजा, आपला माणूस डब्यात आहे. त्याची नोंद अशी होईल:

‘शनिवार, १६ एप्रिल. बोलावणं होतं म्हणून बोरीबंदरला गेलो. चौदा डबे आधी मोजले, मगच आत चढलो. तोफा सुरू झाल्या. मोजत राहिलो, एकवीस झाल्या. घड्याळात तीन पस्तीस, आणि गाडी हलली. गाडीला इंजिनं तीन. साहिब, सिंध आणि सुलतान अशी त्यांची नावं आहेत म्हणे. आम्ही निमंत्रित चारशेच्या आसपास होतो म्हणे. एकवीस मैल दूरचं ठाणं, आणि बैल न जुंपता पोहोचलो! तळव्यांना घाम फुटला होता, तो उतरल्यावरही जाईना.’

यात ‘म्हणे’ हा शब्द दोनदा आला आहे, आणि खरं काम त्याचंच आहे. डबे त्या माणसाने स्वतः पाहिले, तोफा स्वतः ऐकल्या. तिथे ‘म्हणे’ नको. पण डब्यात बसून चारशे माणसं कोणी मोजत नाही. ते त्याच्या कानावर आलं. मराठीत ऐकीव गोष्ट ऐकीव ठेवायला हे दोन अक्षरी अव्यय पुरतं; आकडाही तोच राहतो आणि माणूसही खरा वाटतो. फक्त जपून वापरावं. ‘गाडी ठाण्याला पोहोचली म्हणे’ असं लिहिलं, की शंका डोकावते आणि तथ्य डळमळतं.

किलोमीटरचे मैल केले, त्याने काही बिघडत नाही. ३४ किलोमीटर म्हणजे सुमारे २१ मैल, आणि १८५३ च्या मुंबईकराच्या तोंडी मैलच शोभतात. मात्र त्याच्या रोजनिशीत ‘व्हीटी’ आली, तर तारीखच खोटी पडेल. त्या स्थानकाच्या इमारतीचं काम १८७८ मध्ये सुरू झालं. लिहिणाऱ्याला त्या रात्रीपर्यंतचंच ठाऊक असतं.

मग घामाचं काय? तो बातमीत नव्हता. तरी चालतो, कारण तो कल्पित ‘मी’च्या स्वतःच्या तळव्यांचा आहे, बातमीतलं काहीच त्याने खोटं ठरत नाही. ‘लोक घाबरून पळाले’ हे वाक्य मात्र गर्दीबद्दलचा दावा आहे, आणि बातमीत त्याला आधार नाही. ‘नाना शंकरशेट माझ्याकडे वळून म्हणाले’ हे तर त्याहून वाईट. खऱ्या माणसाच्या तोंडी न बोललेलं वाक्य घालणं म्हणजे सरळ बनावट. चोरट्या चुका आणखी बारीक असतात. ‘पुढे तीन इंजिनं होती’ असं लिहिलं असतं, तर ‘पुढे’ हा शब्द कुठून आला? ‘एकविसावी तोफ झाली आणि त्याच क्षणी गाडी सुटली’ हेसुद्धा बातमी सांगत नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे. मूळ बातमी लपवावी, रोजनिशी दुसऱ्या कुणाच्या हाती द्यावी आणि तिच्यावरून बातमी लिहायला सांगावं. मग दोन्ही बातम्या शेजारी ठेवून एकेक तपशील पेनाने खोडत जावा. वरच्या नोंदीची अशी परीक्षा घेतली, तर वेळ, तोफा, डबे, माणसं, इंजिनं, अंतर सगळं खोडलं जातं. एकच गोष्ट शिल्लक राहते, आणि तीच बातमीचा मथळा व्हायची: ही देशातली पहिली गाडी होती. घामाच्या नादात ती सुटली. नोंदीत आणखी एक वाक्य हवं: ‘अशी गाडी या देशात आजवर धावली नव्हती.’